पाळी गेल्यावरचा कोरडेपणा आणि नवऱ्याची ढिली पडणारी ताठरता: जेल, मॉइश्चरायझर, इस्ट्रोजेन की त्याची गोळी?

समजा, ती त्रेपन्न वर्षांची आहे आणि पाळी जाऊन दोन वर्षं झाली आहेत. संबंधाच्या वेळी योनीच्या तोंडाशी जळजळते, चिरल्यासारखं दुखतं. तो छप्पन्न वर्षांचा. पहाटे त्याला नीट ताठरता येते, पण संबंधाच्या वेळी तिचा चेहरा आक्रसला की "हिला दुखतंय" या विचाराने ती क्षणात जाते. मग तो दुकानातून गोळी आणायचं ठरवतो.

इथे थोडं थांबावं. पहाटे ताठरता येते याचा अर्थ रक्तवाहिन्या आणि नसा बहुधा ठीक आहेत. काळजीने अ‍ॅड्रेनलिन वाढतं, लिंगातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आलेलं रक्त परत फिरतं. त्यात अर्धवट ताठरतेने आत जायचा प्रयत्न केला की जोर जास्त लावावा लागतो, कोरड्या त्वचेवर घर्षण वाढतं आणि तिचं दुखणं आणखी वाढतं. त्यामुळे आधी तिच्या कोरडेपणावर उपचार करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वंगण जेल संबंधाच्या वेळेपुरतं असतं. पाण्याचं जेल धुवायला सोपं, पण लवकर सुकतं. ते पुन्हा लावायला संकोचू नये. सिलिकॉनचं बराच वेळ टिकतं आणि नाजूक त्वचेला सहसा जास्त मानवतं. दोन्ही लॅटेक्सच्या निरोधबरोबर चालतात, तेल मात्र चालत नाही, कारण त्याने लॅटेक्स कमजोर होतं. दोघांनाही भरपूर लावावं, फक्त तिच्या बाजूला नाही. लावल्यावर आग झाली तर वेष्टन वाचा: ग्लिसरीन जास्त असेल, सुगंध असेल किंवा 'गरम वाटणारं' जेल असेल तर ते बदला.

मॉइश्चरायझरचं काम वेगळं आहे. हायलुरोनिक अ‍ॅसिडचं किंवा पॉलीकार्बोफिलचं जेल आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असो वा नसो, रात्री आत घालतात. दिवसभरही कोरडं वाटत असेल, तर नुसत्या वंगणापेक्षा हे बरं. मात्र पातळ झालेलं अस्तर याने पुन्हा जाड होत नाही.

ते काम योनीत वापरायच्या इस्ट्रोजेनचं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, अस्तर पातळ होतं, ओलावा कमी होतो आणि योनीतली आम्लता घटते. अंगातून वाफा येणं काही वर्षांत ओसरतं, कोरडेपणा मात्र सहसा आपोआप जात नाही, उलट वाढतो. दहा मायक्रोग्रॅम इस्ट्राडिओलची गोळी दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा योनीत ठेवतात. क्रीमचं माप डॉक्टर सांगतात. फरक काही आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. बऱ्याच जणी तिसऱ्या आठवड्यातच "उपयोग नाही" म्हणून सोडतात, आणि नेमकं तिथेच चुकतं. क्रीम वंगण म्हणून संबंधाच्या तोंडावर लावू नये. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर कर्करोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय हे सुरू करू नये. पाळी गेल्यानंतर रक्त गेलं, अगदी थोडं असलं तरी, आधी तपासणी.

आता त्याची गोळी. सिल्डेनाफिल इच्छा निर्माण करत नाही. उत्तेजना असेल तेव्हा ती रक्तपुरवठा वाढवते, साधारण तासभर आधी घेतात, आणि भरपेट तेलकट जेवणानंतर परिणाम उशिरा येतो. कोरडेपणा तसाच ठेवून ताठरता वाढवली तर तिच्या वेदनेत काहीच फरक पडत नाही, आणि मग त्याची काळजीही तिथेच राहते. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घ्यायचीच नाही. रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळतो. तिचं दुखणं थांबल्यावरही तो धास्तावत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस आधार म्हणून ती उपयोगी पडते.

या जोडप्याला आम्ही इस्ट्रोजेन आणि सोबत सिलिकॉनचं जेल सुचवू. पहिले सहा ते आठ आठवडे आत प्रवेश करायचा नाही, असं दोघांनी बोलून ठरवावं. स्पर्श, हात, तोंड, सगळं चालेल. आत जायचंच नाही म्हटल्यावर ताठरता गेली तरी काही बिघडत नाही, आणि त्यामुळेच ती बहुधा टिकू लागते. नंतर प्रवेश करताना ती वर असावी, वेग आणि खोली तिच्या हातात. "दुखलं तर मी थांब म्हणेन" असं तिने आधीच सांगावं, म्हणजे त्याला तिचा चेहरा वाचत बसावं लागत नाही.

पहाटेची ताठरताही हळूहळू कमी झाली असेल, तर मात्र काळजीवर बोट ठेवून थांबू नका. त्याची रक्तशर्करा, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. आणि बारा आठवड्यांनी ओलावा आला तरी प्रवेशाच्या वेळी तिचे स्नायू आपोआप घट्ट होत असतील, तर औषध वाढवून भागत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल करायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जावं लागतं.