इंग्रजीतील ‘गेट’: मिळणे, होणे, कळणे की पोहोचणे?

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करताना ‘गेट’ समोर आले की बहुतेकांच्या हाताला आधी ‘मिळणे’ लागते आणि ‘मला सर्दी मिळाली’ यासारखे वाक्य कच्च्या मसुद्यात उतरते. क्रियापद निवडताना अर्थाबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा, असे माझे मत आहे: वाक्यातल्या माणसाने काही केले, की त्याच्या बाबतीत काही घडले? इंग्रजीत दोन्हीकडे ‘आय’ हाच कर्ता असतो. मराठीत मात्र एकदा ‘मी’ येतो आणि एकदा ‘मला’.

‘मिळणे’ आणि ‘मिळवणे’ यांत हा फरक स्पष्ट दिसतो. ‘तिला पदक मिळाले’ या वाक्यात क्रियापद पदकाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते (चिठ्ठी मिळाली, निरोप मिळाला) आणि ‘तिला’ केवळ ते पोहोचण्याचे ठिकाण असते. ‘तिने पदक मिळवले’ म्हटले की त्यामागचे कष्ट वाक्यात येतात. शंका असेल तेव्हा आज्ञार्थ करून पाहावा. ‘पहिला नंबर मिळव’ असे आपण मुलाला सांगतो, पण ‘मिळ’ असे सांगून कोणी काही मिळवत नाही. म्हणून न मागता आलेल्या पत्रासाठी ‘मिळवले’ चुकते आणि झगडून घेतलेल्या हक्कासाठी नुसते ‘मिळाला’ फिके पडते.

शिवाय मिळण्यासारख्या वाटणाऱ्या कित्येक गोष्टी मराठीत मिळतच नाहीत. सर्दी होते, ताप येतो, फटका बसतो, लॉटरी लागते. झोपेचे उदाहरण तर जवळून पाहण्याजोगे आहे. ‘मला झोप मिळाली नाही’ म्हणणाऱ्याला बहुधा सवडच नव्हती, ‘झोप आली नाही’ म्हणणाऱ्याचे डोळे जड झाले नाहीत आणि ‘झोप लागली नाही’ म्हणणारा अंथरुणावर तळमळत होता. इंग्रजी वाक्यात ‘गेट’ आणि ‘स्लीप’ एवढेच असेल, तर या तिघांतला कोण तो, हे मागचा-पुढचा मजकूर वाचूनच ठरवावे लागते.

‘बनणे’ की ‘होणे’ हा प्रश्न मला तुलनेने सोपा वाटतो. ‘ती डॉक्टर बनली’ हे आता सर्रास लिहिले जाते, तरी ‘ती डॉक्टर झाली’ हेच मला सहज वाटते. अवघड भाग पुढे आहे: ‘गेट’नंतर विशेषण आले म्हणून मराठीतही विशेषण अधिक ‘होणे’ अशी जोडी लावायची गरज नसते, कारण पुष्कळदा त्या अवस्थेसाठी स्वतंत्र क्रियापद असते. पावसात सापडलेला माणूस ‘ओला झाला’ म्हणण्यापेक्षा ‘भिजला’ म्हणावा. ‘थकलेला झाला’ नव्हे, ‘थकला’ किंवा ‘दमला’. आणि संध्याकाळनंतर बाहेर ‘अंधार पडला’.

समजण्याच्या अर्थी ‘कळणे’ आणि ‘समजणे’ यांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. बातमी कळते तशी समजतेही, गणित समजते तसे कळतेही. तरीही विनोद किंवा टोमणा ध्यानात येण्यासाठी मी ‘कळला’ लिहीन, आणि एखादा सिद्धान्त पायरीपायरीने उलगडत गेला असेल तर ‘समजला’. दोन्हींना ‘मला’ लागतो. समोरच्याला दुजोरा देताना मात्र ‘मी समजलो’ म्हणता येते, ‘मी कळलो’ म्हटले तर अर्थच उलटतो: मग मी इतरांना कळलेला असतो.

पोहोचण्याच्या अर्थी बोलणारा कुठे उभा आहे, ते पाहावे. घरात बसलेली आई मुलाला ‘केव्हा आलास?’ असे विचारते. तीच आई फोनवर, तो पुण्याला गेलेला असताना, ‘केव्हा पोहोचलास?’ असे विचारते.

आता चारही अर्थ एकत्र आलेले वाक्य घेऊ. एक माणूस मित्राला लिहितो की पत्र उशिरा हाती आले, घरी जाईपर्यंत फार थकवा आला आणि मजकूर डोक्यात शिरला नाही. इंग्रजीत चारही ठिकाणी ‘आय’ आणि ‘गॉट’ किंवा ‘गेट’ वापरून हे लिहिता येते. मराठीत ते असे होईल: ‘तुझे पत्र मला उशिरा मिळाले, घरी पोहोचेपर्यंत मी इतका दमलो होतो की तुला काय म्हणायचे आहे ते मला कळलेच नाही.’ पत्र आणि आशय यांच्याशी ‘मला’ जोडला गेला, चालून घरी आलेला आणि दमलेला मात्र ‘मी’ राहिला. शेवटी ‘समजलेच नाही’ घातले तर पत्र कठीण होते असे सूचित होईल; इथे दोष थकव्याचा आहे, म्हणून मी ‘कळलेच नाही’ ठेवीन.