फ्रंट-फोकस तपासायचाय: तिरका छापील चार्ट घ्यावा की उभं टार्गेट आणि बाजूला पट्टी?

लेन्स सतत पुढे किंवा मागे फोकस करतेय हे नक्की झालं की प्रश्न उरतो तो टार्गेट कुठलं वापरायचं. आधी मात्र लाइव्ह व्ह्यूमध्ये तोच फोटो काढून बघा. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो आणि लाइव्ह व्ह्यूचा थेट इमेज सेन्सरवर, त्यामुळे लाइव्ह व्ह्यूत शार्प आणि व्ह्यूफाइंडरने मऊ येत असेल तरच कॅलिब्रेशनला, म्हणजे बॉडीच्या मेन्यूत त्या लेन्ससाठी फोकस पुढेमागे सरकवणारा आकडा बदलण्याला, अर्थ आहे. दोन्हीकडे मऊ असेल तर दुखणं वेगळं.

मी दोन्ही टार्गेटं वापरलीत. तिरका चार्ट म्हणजे तो टेबलावर सपाट ठेवायचा कागद, मधे जाड काळी रेघ, वरखाली आकडे, कॅमेरा ४५ अंशातून खाली बघतोय. प्रिंट काढला की काम सुरू, जागा कमी लागते आणि चूक पुढे आहे की मागे ते एका फोटोत दिसतं. नुसता अंदाज घ्यायचा असेल तर वाईट नाही.

पण मला त्याचा वैताग आला तो एकाच गोष्टीने. व्ह्यूफाइंडरमध्ये जो छोटा चौकोन दिसतो त्यापेक्षा खरा फोकस सेन्सर बऱ्याचदा मोठा असतो, तुम्ही चौकोन बरोब्बर जाड रेघेवर ठेवता पण सेन्सरला वरखालचे आकडे आणि बारीक रेघाही दिसतात, आणि कागद तिरका असल्यामुळे त्या सगळ्या वेगवेगळ्या अंतरावर असतात. मग कॅमेरा कधी ही रेघ पकडतो कधी ती. सेटिंग तेच, एका फोटोत फ्रंट, पुढच्यात बॅक, आणि आपण बसलोय लेन्सला दोष देत! शंका असेल तर मधली रेघ सोडून बाकी सगळं कोऱ्या पांढऱ्या कागदाने झाका आणि परत फोकस करा. आता उत्तर बदललं तर गडबड चार्टची होती असं समजा.

उभ्या टार्गेटला हा त्रासच नाही. खोक्याच्या सपाट बाजूवर ठळक काळं-पांढरं डिझाइन चिकटवायचं, म्हणजे सेन्सर कितीही मोठा असला तरी त्याला दिसतं ते सगळं एकाच अंतरावर. शेजारी पट्टी ४५ अंशात टेकवायची, तिच्यावरची एक खूण शून्य धरून ती टार्गेटच्या पृष्ठभागाच्या रेषेत आणायची. मांडणी करायला वेळ लागतो हे खरंय, खोकं कॅमेऱ्याला समांतर बसवणं तर किचकटच. त्याला एक सोपी युक्ती: टार्गेटवर छोटा आरसा सपाट धरा, व्ह्यूफाइंडरच्या मधोमध आपल्याच लेन्सचं प्रतिबिंब दिसलं की समांतर झालं. मग लाइव्ह व्ह्यूने फोकस करून एक फोटो घ्या, त्यात शून्याची खूण सगळ्यात शार्प यायला हवी, नाहीतर पट्टी पुढेमागे झालीय.

उदाहरण घ्या, फुलफ्रेम आणि ५० एमएम एफ/१.८. अंतर फोकल लेंथच्या २५ पट, म्हणजे सव्वा मीटर. ट्रायपॉड, टायमर, मधला फोकस पॉइंट, अपर्चर पूर्ण उघडं, उजेड भरपूर. प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग फिरवून फोकस मुद्दाम बिघडवायचा, कधी जवळ कधी लांब. समजा पट्टीवर शून्याच्या ३ सेंमी पुढचा भाग शार्प येतोय, तर पट्टी तिरकी असल्याने खरी चूक साधारण २ सेंमी. या अंतरावर नेहमीच्या हिशोबाने डेप्थ ऑफ फील्ड सगळी मिळून ६-६.५ सेंमी असते, म्हणून छोट्या प्रिंटमध्ये चूक लपते आणि झूम केलं की दिसते. कॅनन, निकॉन दोन्हीत अधिक म्हणजे फोकस मागे सरकतो, तेव्हा फ्रंट-फोकसला +५, +१० असं टप्प्याने जायचं आणि दरवेळी चारपाच फोटो बघायचे, एकावर भरवसा नको. +५ ला शार्प भाग शून्याजवळ आणि +१० ला मागे गेला तर +५ च्या आसपास एकेक पायरीने बघून थांबायचं. फोटोफोटोंतला फरकच मूळ चुकीपेक्षा मोठा असेल तर आकडा बदलून काही साधणार नाही.

झूम लेन्सचं जरा अवघड आहे, काही बॉडीत वाइड आणि टेलीला वेगळे आकडे देता येतात, बाकींत एकच, मग ज्या टोकाला जास्त शूट करता त्याला धरून ठरवा. आणि बॉडीत ही सोयच नसेल तर टार्गेट कुठलंही घ्या, दुरुस्ती सर्व्हिस सेंटरलाच करून घ्यावी लागेल, त्यासाठी दाखवायला मात्र उभ्या टार्गेटचे फोटो जास्त पटतात असं मला वाटतं, कारण त्यात 'तुमचा फोकस दुसऱ्याच रेघेवर गेलाय' म्हणायला जागा राहत नाही.