एल-वनचा बर्स्ट फ्रॅक्चर: ब्रेस की स्क्रू?

समजा माळ्यावरून पडून एल-वन, म्हणजे कमरेचा पहिला मणका, चिरडून त्याचे तुकडे झालेत, म्हणजेच बर्स्ट फ्रॅक्चर, पायात ताकद आहे, लघवीवर कंट्रोल आहे. सीटीत हाडाचा तुकडा नसांच्या कॅनॉलमध्ये शिरलेला दिसला की घरचे घाबरतात, पण नसा ठीक असतील तर नुसत्या त्या तुकड्यासाठी ऑपरेशन लागतंच असं नाही, तो पुढे बराचसा विरघळतो.

खरा प्रश्न मणक्यांना मागून बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचा. ऑपरेशन लागेल का हे ठरवायला वापरतात त्या टीएलआयसीएस स्कोअरमध्ये बर्स्टचे 2, लिगामेंट शाबूत 0, नसा ठीक 0, म्हणजे एकूण 2, आणि 3 पर्यंत ब्रेस, म्हणजे पाठीला आधार देणारा कडक पट्टा, चालतो. साधारण तीन महिने घालायचा, आणि उभं करून एक्स-रे काढायचाच, कारण झोपून सरळ दिसणारा मणका उभं राहिल्यावर वाकू शकतो, तसा वाकत गेला किंवा पाय बधिर व्हायला लागले तर प्लॅन बदलतो.

तोच पेशंट, पण एमआरआयमध्ये लिगामेंट फाटलेलं, की त्या 2 मध्ये आणखी 3 मिळून 5 होतात, मग ऑपरेशन करून स्क्रू-रॉड. लवकर उठता येतं, पण इन्फेक्शनची रिस्क येते, कधी इम्प्लांट काढायला परत ऑपरेशन. स्कोअर 4 आला तर दोन्ही चालतं, तिथे मी वजन, वय आणि पेशंट ब्रेस खरंच घालेल का हे बघून ठरवेन.