१९९ चं डोमेन घ्यावं की हजाराचं?

मामेबहिणीला होमस्टेसाठी .com डोमेन घ्यायचं होतं. दोन दुकानं समोर होती. पहिल्याचा भाव पहिल्या वर्षी १९९ रुपये, पुढे दरवर्षी १,४९९, आणि प्रायव्हसी, म्हणजे मालकाचा तपशील सार्वजनिक नोंदीत झाकण्याची सेवा, पहिलं वर्ष फुकट, मग वर्षाला ५००. दुसऱ्याचा भाव दरवर्षी १,००० रुपये, प्रायव्हसी त्यातच. जीएसटी दोन्हीकडे याच्या वर.

पाच वर्षांचा हिशेब मांडला तर पहिल्याकडे ८,१९५ रुपये जातात, दुसऱ्याकडे ५,०००.

पहिल्या वर्षी इतकं स्वस्त परवडतं कसं? परवडत नाहीच. प्रत्येक .com मागे विक्रेत्याला, म्हणजे रजिस्ट्रारला, सगळ्या .com नावांची मूळ नोंद ठेवणाऱ्या व्हेरिसाइन या कंपनीला वर्षाचे पैसे भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हा दर १०.२६ डॉलर झाला, वर डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेचं किरकोळ शुल्क. रुपयांत हे साधारण नऊशेच्या आसपास जातं. म्हणजे १९९ ला विकणारा पदरचे सातशे घालतो आणि ते रिन्यूअलमधून वसूल करतो. तोवर तुमची वेबसाइट, ईमेल, छापलेली कार्डं सगळं त्याच नावावर उभं असतं, म्हणून तुम्ही मुकाट्याने भरता.

प्रायव्हसीसाठी वेगळे पैसे मोजायला माझा विरोध आहे. २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर कायदा आल्यापासून बरेच रजिस्ट्रार मालकाचं नाव, फोन आणि पत्ता सार्वजनिक नोंदीत झाकूनच ठेवतात. lookup.icann.org वर आपलं डोमेन टाकून पाहा. तिथे तुमचा तपशील आधीच झाकलेला असेल, तर ५०० रुपयांत फारसं काही नवं मिळत नाही. तिथे संस्थेचं नाव, राज्य आणि देश मात्र दिसू शकतात. तेही लपवायचं असेल तरच सेवा घ्या.

तिसरा मार्गही आहे: १९९ ला घ्यायचं आणि वर्ष संपण्याआधी त्या हजारवाल्याकडे न्यायचं. .com च्या ट्रान्सफर शुल्कात एक वर्षाची मुदतवाढ येते, म्हणून पाच वर्षांचा खर्च ४,१९९ वर येतो. पण नोंदणीनंतरचे पहिले ६० दिवस डोमेन हलवता येत नाही. त्यानंतरही clientTransferProhibited हे कुलूप असतं. चोरीपासून राखण म्हणून ते एरवी चालूच ठेवावं, हलवताना तेवढं खात्यातून काढून ट्रान्सफर कोड मागावा. जुना रजिस्ट्रार गप्प बसला तर पाच दिवस जातात, म्हणून मुदतीच्या महिनाभर आधी सुरुवात करा.

इथे बहीण अडकता अडकता वाचली. हलवण्याआधी ती मालकाचं नाव नवऱ्याऐवजी स्वतःचं करणार होती. अशा बदलानंतर बऱ्याच ठिकाणी पुन्हा ६० दिवसांचं कुलूप लागतं आणि तेवढ्यात १,४९९ चं रिन्यूअल येऊन ठेपलं असतं. आम्ही आधी डोमेन हलवलं. नाव नंतर बदललं.

तारखा सांभाळणं जमणार नसेल, तर सरळ हजारवालं घ्या.