थकलेली फी मागायची कशी: ग्रुपवर, पर्सनलवर की फोनवर?

कर्वेनगरला घराच्या पुढच्या खोलीत मी आठवी ते दहावीचं गणित-विज्ञान शिकवते. २४ मुलं, महिन्याची फी १५०० रुपये, भरायची पाच तारखेपर्यंत. दर महिन्याला पाच-सहा जणांची राहतेच. नव्याने क्लास काढलेली एक मैत्रीण परवा विचारत होती, की आठवण ग्रुपवर टाकू, एकेकाला मेसेज करू, की सरळ फोन लावू? मी तिन्ही करून बसले आहे.

ग्रुपवर एकदाच लिहून मोकळं होता येतं, पण ती मोकळीक फसवी. 'ज्यांची फी राहिली आहे त्यांनी कृपया भरावी' असं मी टाकलं, तेव्हा उत्तरं आली ती फी भरलेल्यांचीच. 'मॅडम, आमची पोचली ना?' या प्रश्नाला आठ जणांना हो म्हणत बसले. ज्यांची राहिली होती ते गप्प, कारण नाव नसलेला मेसेज प्रत्येकाला दुसऱ्यासाठीच वाटतो. मग नावं टाकावीत? अजिबात नाही. ती यादी मुलंही वाचतात, आणि दुसऱ्या दिवशी बाकावर चर्चा तीच. ग्रुप एक तारखेला वापरावा: रक्कम, शेवटची तारीख आणि क्यूआर कोड. तेव्हा कुणीच थकलेलं नसतं, त्यामुळे बोट कुणाकडेच जात नाही.

ब्रॉडकास्ट लिस्ट हा मधला मार्ग दिसतो. मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना तो पोचतच नाही, आणि आपण इकडे वाट बघत बसतो.

मुलाच्या वहीत चिठ्ठी देणं मी सोडलं. चिठ्ठी दप्तरात राहते आणि मुलगा क्लासला यायचं टाळू लागतो.

आठ तारखेला माझा भरवसा असतो पर्सनल मेसेजवर. पण पाठवण्याआधी बँकेच्या नोंदी बघायच्याच. एकदा मी एका आईला आठवण केली आणि त्यांनी शांतपणे स्क्रीनशॉट पाठवला. पैसे चार तारखेलाच आले होते, मुलाच्या मामांच्या खात्यावरून. यूपीआयवर पैसे पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, मुलाचं नाही. तेव्हापासून नोटमध्ये मुलाचं नाव आणि महिना लिहा असं एक तारखेलाच सांगते. माझा मेसेज असा असतो:

'नमस्कार ताई. (मुलाचं नाव) ची ऑगस्टची फी रु. १५०० माझ्याकडे जमा दिसत नाही. भरली असेल तर तारीख कळवा, मी तपासते. राहिली असेल तर १२ तारखेपर्यंत भरावी. काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा.'

'भरली नाही' आणि 'जमा दिसत नाही' यांत बराच फरक आहे. पहिल्यात आरोप येतो, दुसऱ्यात चूक माझीही असू शकते. बाकी महिना, रक्कम, तारीख तिन्ही हवीत. नुसतं 'लवकरात लवकर' लिहिलं तर ते पुढच्या महिन्यातही बसतं. आणि मेसेज फी भरणाऱ्याला जायला हवा. ग्रुपमध्ये आई असते, पैसे बाबांच्या मोबाइलवरून येतात. प्रवेशाच्या वेळीच हे विचारून ठेवावं.

दुसरा महिना चढला किंवा चार दिवस उत्तर नाही, की फोन. फोनवर कारण कळतं, जे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. फक्त नोंद राहत नाही, आणि समोरच्याला विचार करायला सवड मिळत नाही. म्हणून रात्री साडेआठनंतर, आधी 'बोलायला वेळ आहे ना?' विचारून, आणि मूल शेजारी नसताना.

गेल्या वर्षी एका नववीतल्या मुलाची जुलैची फी राहिली, ऑगस्टचीही आली नाही. एकूण ३००० रुपये. मेसेजला ब्लू टिक, उत्तर नाही. फोन केला तर वडील म्हणाले, कंत्राटदाराने पगार अडकवलाय, दहाला मिळेल. 'लाज वाटली म्हणून उत्तर दिलं नाही, मॅडम.' आम्ही ठरवलं: ऑगस्टचे १५०० बारा तारखेपर्यंत, जुलैचे दोन भाग, सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या फीबरोबर ७५० रुपये. म्हणजे दोन्ही महिने २२५०. फोन ठेवल्यावर हेच मेसेजमध्ये लिहून पाठवलं, 'बरोबर आहे ना, दादा?' असं विचारून. या लिहिण्यात दोघांचाही फायदा. सप्टेंबरमध्ये मला पुन्हा विषय काढावा लागला नाही. जुनी बाकी एकदम मागितली असती तर चालू महिनाही थकला असता, हा माझा अंदाज.

सवलतीबद्दल ग्रुपवर अवाक्षर नाही, मुलालाही नाही. ऑक्टोबरचे २२५० सहा तारखेला आले. नोटमध्ये मुलाचं नाव होतं, आणि पुढे 'हिशोब पूर्ण'.