रिजिड रोटर: बरेच महिने वापरल्यावर ४.४ मेगाहर्ट्झची तक्रार

रिजिड रोटरची ओळख करून देत बसत नाही. बीएस्सीला फिजिक्स किंवा केमिस्ट्री घेतलेल्या प्रत्येकानं तो वापरलेला आहे: दोन अणू, मध्ये न ताणणारा दांडा, ऊर्जा BJ(J+1), ज्यात J हा फिरण्याच्या पायरीचा क्रमांक आणि B त्या रेणूचा स्थिरांक, आणि रेषांमधलं अंतर 2B. बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या संध्याकाळच्या शिकवणीत तो बरेच महिने चालू आहे. आज लिहायला बसलो ते खानापूरहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीमुळं. तिनं कार्बन मोनॉक्साइडच्या मोजलेल्या रेषा वहीत उतरवून आणल्या आणि म्हणाली, "सर, दुसरी रेषा पहिलीच्या दुप्पट यायला पाहिजे न्हवं?"

यायला पाहिजे. पहिली आहे ११५.२७१२ गिगाहर्ट्झला, दुप्पट होतात २३०.५४२४. मोजलेली मात्र २३०.५३८०. म्हणजे ४.४ मेगाहर्ट्झ कमी.

एवढ्यासाठी कुरकुर कशाला, असं कोणीही म्हणेल. पण मायक्रोवेव्हमध्ये वारंवारता किलोहर्ट्झपर्यंत नेमकी मोजतात, त्यामुळं ही तूट मोजणीच्या माथी मारता येत नाही. बाजारात मिळणाऱ्या झेरॉक्स नोट्समध्ये तर पट्टीनं आखल्यासारख्या समान अंतरावरच्या रेषा काढलेल्या असतात, आणि खरा आकडा एकही नसतो. माझा खरा राग त्यावर आहे.

मॉडेलचं कौतुक करायचं तर ते स्वस्त आहे. एकच रेषा पुरते. ११५.२७ चे निम्मे केले की B आला ५७.६४ गिगाहर्ट्झ. I = h/8π²B मधून जडत्वाघूर्ण निघतो १.४५६×१०⁻⁴⁶ किग्रॅ·मी². त्याला कार्बन-ऑक्सिजनच्या रिड्यूस्ड वस्तुमानानं, म्हणजे १.१३८५×१०⁻²⁶ किलोनं भागून वर्गमूळ काढलं की बंधाची लांबी १.१३१ अँगस्ट्रॉम. कॅल्क्युलेटर आणि कागदाची पाठकोरी बाजू, एवढ्यात काम होतं.

सोबत येणारे स्फेरिकल हार्मोनिक्स मी सुरुवातीला पोरांना घाबरवणारं ओझं समजत होतो. आता मत बदललंय. ऊर्जास्तर ०, 2B, 6B, 12B असे दूर दूर जातात, तरी रेषा सारख्या अंतरावर का, याचं उत्तर तिथंच आहे. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र रेणूच्या डायपोलला धरतं ते cosθ मार्फत. cosθ ने Y(J,M) ला गुणलं की उरतात फक्त J+1 आणि J−1 वाले हार्मोनिक्स. म्हणून उडी एकाच पायरीची, आणि पायऱ्यांची उंची 2B, 4B, 6B अशी वाढत जाते. रेषा त्या उंचीवर पडतात, स्तरांच्या जागी नाही. शिवाय प्रत्येक J ला M च्या 2J+1 अवस्था असतात. त्यामुळं खोलीच्या तापमानाला CO चे सगळ्यात जास्त रेणू J=0 वर नसून J=7 च्या आसपास असतात. पहिलीच रेषा सगळ्यात ठळक, असं धरून चालणारे इथं अडकतात.

परत त्या ४.४ कडे येतो, कारण त्यांनी पिच्छा सोडला नाही. तिसरी रेषा तिप्पट धरली तर ३४५.८१३६ यायला हवी, मोजलेली आहे ३४५.७९६०. तूट १७.६, म्हणजे आधीच्या बरोबर चौपट. इतकी शिस्तीतली तूट बघितल्यावर माझा सूर बदलला.

गोफण गरागरा फिरवली की दोरी ताणली जाते, तसा बंधही ताणतो. ते धरलं तर रेषा येते 2B(J+1) − 4D(J+1)³ ला, इथं D म्हणजे बंधाच्या ताणाचा स्थिरांक. पहिलीची दुप्पट वजा दुसरी केली की उरतात 24D, तिप्पट वजा तिसरी केली की 96D. चौपट! दोन्हीकडून D येतो ०.१८३५ मेगाहर्ट्झ.

पुढचा हिशेब करताना मी खुर्चीतून उठलोच. बंध किती ताणतो हे त्याच्या कडकपणावर ठरतं, आणि कंपनही त्याच कडकपणावर. D = 4B³/ω² हे सूत्र उलटं फिरवलं की ω, म्हणजे कंपनाची वारंवारता, निघते सुमारे २१५५ प्रति सेंटिमीटर. इन्फ्रारेडमध्ये CO चा मोजलेला मुख्य पट्टा २१४३ ला आहे. उरलेला फरक कंपन पुरतं हार्मोनिक नसल्याचा आणि सूत्र अंदाजी असल्याचा. ज्या तुटीवर चिडलो होतो, तिनं इन्फ्रारेड यंत्राशिवाय कंपनाचा आकडा काढून दिला.

तक्रार तरी पूर्ण मागं घेत नाही. हायड्रोजन क्लोराइडसारख्या हलक्या रेणूत B मोठा, म्हणून D पण मोठा. तिथं रेषांमधलं अंतर सुरुवातीला २०.९ प्रति सेंटिमीटर असतं आणि अकराव्या रेषेपर्यंत २०.२ वर उतरतं. सगळ्या अंतरांची सरासरी काढून तिला 2B म्हणणारा बंध उगाच लांब मोजतो. पहिल्या रेषा हाताशी नसतील तर रेषेची वारंवारता J+1 ने भागा आणि (J+1)² समोर आलेख काढा. सरळ रेषा आली, तर अक्षावरचा छेद 2B आणि उतार −4D. वाकडी आली, तर बहुतेक J चे क्रमांक घसरलेत. ते एकानं सरकवून बघा.

नायट्रोजनवर मात्र हे लावायला जाऊ नका. त्याला डायपोलच नाही, मायक्रोवेव्हमध्ये एक रेषा दिसणार नाही.