उजवा ग्रुप उशिरा का थेंब सोडतो: दोन ग्रुपच्या एस्प्रेसो मशीनचा वापरानंतरचा अनुभव

मशीन दोन ग्रुपचं, हीट एक्स्चेंजर पद्धतीचं, व्हॉल्युमेट्रिक बटणांचं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते या बनावटीच्या जवळपास सगळ्याच मशीनना लागू पडेल. आमचं दुकान कोल्हापुरात, राजारामपुरीत आहे. सकाळी कामावर जाणारी मंडळी, संध्याकाळी कॉलेजची पोरं आणि रविवारी अख्खं कुटुंब असा धंदा. पावसाळा पूर्ण काढला, हिवाळाही सरला. मशीन दणकट आहे. वाफ भरपूर देतं, आणि आमच्याकडे म्हशीच्या दुधाचा कॅपुचिनो जास्त खपत असल्यानं ते महत्त्वाचं. एकदा तापलं की दिवसभर हूं की चूं करत नाही. तक्रार एकच होती, पण ती चांगलीच छळणारी: एकच बीन्स, एकच ग्राइंडर, तोच हात, आणि तरी डावा शॉट वेगळा, उजवा वेगळा.

आधी रोजच्या देखभालीचं सांगतो, कारण ती नीट नसेल तर पुढच्या चौकशीला काही अर्थ उरत नाही. रात्री दुकान बंद करताना फिल्टर हँडलमध्ये बिनभोकाचं बास्केट बसवायचं, त्यात मशीन साफ करायची पावडर साधारण ३ ग्रॅम टाकायची आणि ग्रुप १० सेकंद चालू, १० सेकंद बंद असं पाच वेळा करायचं. बंद करताना खालच्या ट्रेमध्ये फस्सकन फेसाळ, चहासारखं तपकिरी पाणी सुटतं. ते थ्री-वे व्हॉल्व्हमधून येतं, आणि शॉट संपल्यावर दाब मोकळा करण्याचं काम याच व्हॉल्व्हचं. त्यात कॉफीचं तेल साचलं की शॉटनंतर चोथा चिखलासारखा ओला राहतो आणि हँडल काढताना थुंकल्यासारखं पाणी उडतं. मग हँडल धुऊन पावडर न घालता तीच क्रिया पाणी स्वच्छ येईपर्यंत करायची. सकाळी पहिला शॉट ओतून द्यायचा, कुणाला पाजायचा नाही. बास्केट आणि हँडलचं धातूचं तोंड गरम पाण्यात थोडी पावडर घालून अर्धा तास बुडवायचं, पण मूठ पाण्याबाहेर ठेवायची, नाहीतर ती फिकट पडून तडकते. शॉवर स्क्रीन आठवड्यातून एकदा स्क्रू काढून खाली घ्यायची आणि वरचा भागही पुसायचा. वाफेची नळी दर जगनंतर लगेच पुसून वाफ सोडायची. म्हशीचं दूध दाट, ते नळीवर वाळलं की नखानंही निघत नाही.

हे सगळं आमच्याकडे नियमानं होत होतं. तरीही श्रावणाच्या सुमारास बरिस्ता म्हणायला लागला, "दादा, उजवीकडचा शॉट जड येतोय, जरा कडवटच लागतोय." आमचं माप १८ ग्रॅम कोरडी कॉफी, कपात ३६ ग्रॅम, वेळ २७ ते २९ सेकंद. डावा ग्रुप या मापात बसायचा, उजवा ३४-३५ पर्यंत जायचा. पोरानं उजव्यासाठी दळण थोडं जाड केलं, तर डावा २२ सेकंदांत संपून आंबट व्हायला लागला. पुन्हा बारीक, पुन्हा जाड, असा खेळ दिवसभर. ग्राइंडर एक आणि ग्रुप दोन असले की दळण कुणा एकाच्याच मर्जीचं राहतं.

इथे एक साधी चाळणी लावा. दोन्ही ग्रुप एकाच दिशेनं सरकले तर कारण ग्राइंडरमध्ये किंवा बीन्समध्ये शोधायचं. एकच सरकला तर त्या ग्रुपमध्ये, त्याच्या बास्केटमध्ये किंवा त्या बाजूला उभ्या माणसाच्या हातात. पावसाळ्यात दोन्ही सरकायचे तेही आम्ही पाहिलंय. टायमरवर चालणारा ग्राइंडर दमट हवेत, किंवा वरच्या हॉपरमध्ये बीन्स तळाला गेल्या की, तेवढ्याच सेकंदांत वेगळं वजन टाकतो. म्हणून प्रत्येक डोस वजनकाट्यावर. दळण बदललं की आतल्या वाटेत अडकलेला जुना चुरा पहिल्या डोसमध्ये येतो, म्हणून एक-दोन डोस फेकायचे आणि मगच नवं दळण जोखायचं. ते फेकायला जिवावर येतं, पण न फेकता जोखलं तर तुम्ही जुन्याच दळणावर निर्णय घेत असता.

आमचा दोष एकाच ग्रुपचा होता. हँडल आणि बास्केट अदलाबदल केलं, तरी उशीर उजवीकडेच राहिला. माणूस बदलला, तरी तेच. मग तळ नसलेलं हँडल लावून बघितलं. कॉफीच्या वडीला चीर पडली असती तर एका कडेनं लवकर फिकट पिचकारी उडाली असती आणि शॉट उलट पटकन संपला असता. तसं काही नव्हतं, धार मधोमध जमून छान पडत होती. फक्त उशिरा.

हा "उशिरा" कुठे आहे ते मोजल्यावर गाठ सुटली. एकूण वेळ न बघता दोन तुकडे केले: बटण दाबल्यापासून पहिल्या थेंबापर्यंत, आणि पहिल्या थेंबापासून ३६ ग्रॅमपर्यंत. डावीकडे पहिला थेंब ७ सेकंदांना, उजवीकडे १३ ला. त्यापुढचा वेळ दोन्हीकडे २१ सेकंदांच्या आसपास. म्हणजे कॉफीतून पाणी सारख्याच वेगानं जात होतं, पण उजवीकडे ते कॉफीपर्यंत पोचायलाच वेळ घेत होतं. दळण जाड-बारीक असतं तर दुसरा तुकडाही बदलला असता.

मग हँडल काढून नुसतं पाणी तोललं. दोन्ही ग्रुप आधी थोडे वाहू दिले, नंतर काट्यावर जग ठेवून प्रत्येकी १० सेकंद सोडलं. डावा ९५ ग्रॅम, उजवा ५५. इथे आकडा किती यापेक्षा दोन ग्रुपमधली तफावत बघायची, कारण प्रत्येक मशीनचा आकडा निराळा असतो. नव्या मशीनवर पहिल्याच आठवड्यात हे माप घेऊन मशीनच्या पाठीवर चिकटवून ठेवावं असं माझं मत आहे. मॅन्युअलमध्ये याची एक ओळही नाही, आणि ही मला मोठी उणीव वाटते.

ग्रुपच्या वाटेत जिकलर म्हणून एक बारीक तोटी असते. तिचं भोक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. कॉफीवर पाणी एकदम आदळू नये, दाब हळू चढावा म्हणून ती. चोथा भिजून दाब चढला की खरा अडथळा कॉफीचाच असतो, तेव्हा तोटीचं फारसं चालत नाही. पण रिकामी जागा भरण्याच्या सुरुवातीच्या सेकंदांत पाण्याचा वेग तीच ठरवते. म्हणून ती अर्धवट बुजली की पहिला थेंब लांबतो आणि पुढचं सगळं ठीक दिसतं. पूर्ण बुजली तर पाणीच येत नाही आणि लगेच कळतं. खरा वैताग या अर्धवट बुजण्याचा.

विक्रेत्याचा माणूस पुण्याहून येणार, तोवर किती दिवस जातील सांगता येईना. शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या फिटरला बोलावलं. मशीन बंद, प्लग काढलेला, वाफ सोडून दाब शून्यावर आणि बॉयलर गार, एवढं झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हे त्याला आधीच सांगितलं. तोटीत पांढरा खडूसारखा खडा बसलेला. फिटर टाचणी घेऊन सरसावला तेव्हा म्हटलं, "मामा, टोचू नका, भोक मोठं झालं तर हा ग्रुप कायमचा वेगळा वागेल." सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात तोटी बुडवून ठेवली, मग उलट दिशेनं हवा मारली. परत बसवून तोललं: डावा ९५, उजवा ९३. दोन्ही शॉट २८ सेकंदांत. डावीकडची तोटीही त्याच बैठकीत साफ केली, कारण पाणी दोघांना एकच.

खडा आला कुठून? सॉफ्टनरचा नळकांडा होता, ठरल्या दिवशी त्यात मीठ घालून धुतलाही जात होता. पण जुलैत नळाला पाणी नसल्यानं बरेच दिवस टँकरचं पाणी वापरलं होतं, आणि ते बोअरचं. कोल्हापूरकरांना हे नवं नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि भर पुरात शहर टँकरवर आलं. सॉफ्टनरमधली रेझिन ठरावीक कॅल्शियमच पकडते. पाणी तिप्पट जड असेल तर ती एक तृतीयांश लिटरमध्येच भरते. आम्ही मिठाची तारीख कॅलेंडरवर बांधली होती, पण रेझिनला तारखेशी देणंघेणं नसतं.

टीडीएसची पेन्सिल इथे फसवते. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे आधी आणि नंतर पेन्सिल जवळपास तोच आकडा दाखवते. जडपणा बघायला थेंब टाकून रंग बदलणारं हार्डनेस किट लागतं. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातही ते मिळतं. आता सॉफ्टनरच्या पुढच्या पाण्याला दर सोमवारी ही चाचणी करतो, आणि टँकर आला की त्याच दिवशी. "सरळ आरओ बसवा" असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. नुसतं आरओचं पाणी घालू नका. चव पातळ लागते ती वेगळीच, पण बॉयलरमधली पातळी मोजणारी सळई पाण्यातल्या क्षारांतून वीज वाहते यावर चालते. अगदी शुद्ध पाणी तिला कळत नाही आणि बॉयलर भरतच राहतो. आरओ बसवायचाच तर त्यात थोडं साधं पाणी मिसळायची सोय असलेला घ्या.

मशीनबद्दल बाकी किरकोळ. गर्दी नसताना ग्रुप बराच वेळ नुसता उभा राहिला की हीट एक्स्चेंजरमधलं पाणी वाजवीपेक्षा तापतं, त्यामुळे पुढचा शॉट करपट लागतो. हँडल लावायच्या आधी पाणी सोडायचं. सुरुवातीला ते तडतडतं, शांत झालं की थांबायचं. आम्ही पोरांना सेकंद शिकवले नाहीत, आवाज ओळखायला शिकवला. ग्रुपचं रबर गॅस्केट उजवीकडचं कडक झालंय, हँडल आता मधल्या रेषेच्या पुढे फिरतं. अजून कडेनं गळत नाही, पण नवं आणून ठेवलंय. खालचा ट्रे उथळ आहे, भरून सांडतो. त्याच्या नळीत रात्री किटलीभर गरम पाणी ओतलं नाही तर कॉफीचा गाळ तिथेच घट्ट होतो.

घ्यावं का? दिवसाला शंभरेक कप आणि दुधाची कॉफी जास्त असेल तर घ्या, पण किमतीत सॉफ्टनर, हार्डनेस किट आणि ०.१ ग्रॅमपर्यंत तोलणारा काटा धरून हिशोब करा. फक्त काळी एस्प्रेसो विकणार असाल आणि तापमान अंशाअंशानं ठरवायचं असेल, तर ग्रुपला वेगळा बॉयलर असलेलं मशीन बघा. विक्रेत्याला पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: जिकलरपर्यंत पोचायला किती पत्रे काढावे लागतात, आणि गॅस्केट कोल्हापुरात मिळतं की मागवावं लागतं.